क्रिटिकल पाथ हाताने काढताना: आधी पुढे, मग मागे, आणि मधे चुका कुठे होतात

‘सगळ्यात जास्त दिवस खाणारं काम म्हणजे क्रिटिकल काम’ असं मनात धरून बसलेले बरेच जण भेटतात. यादीतलं सर्वांत लांब काम शोधतात, त्याच्यावर लाल खूण करतात आणि रोज त्याच कारागिराला फोन लावत राहतात. काम उशिरा होतं ते भलत्याच ठिकाणी. क्रिटिकल पाथ म्हणजे एक मोठं काम नव्हे. एकामागोमाग येणाऱ्या कामांची ती साखळी असते, सुरुवातीपासून शेवटापर्यंतची सगळ्यात लांब साखळी. ती नजरेने दिसत नाही, आकडेमोड करून काढावी लागते. कागद, पेन्सिल आणि अर्धा तास एवढं पुरतं.

उदाहरण म्हणून फ्लॅटमधल्या स्वयंपाकघराचं नूतनीकरण घेतो. जुना ओटा फोडायचा, नळाच्या आणि विजेच्या लाइनी नव्याने टाकायच्या, फरशी, नवा ग्रॅनाइटचा ओटा, ट्रॉल्या, रंग. हे काम घराघरात होतं आणि घराघरात लांबतं.

## पहिला टप्पा: कामांची यादी, पण ‘संपलं’ कधी म्हणायचं ते ठरवून

प्रत्येक काम असं लिहा की ते संपलं की नाही हे कुणालाही बघून सांगता येईल. ‘प्लंबिंग’ असं लिहू नका. ‘भिंतीत नळाच्या लाइनी टाकून दाब तपासला’ असं लिहा. नळ आणि सिंक जोडण्यासाठी प्लंबर पुन्हा शेवटी येणार असतो. ते वेगळं काम आहे. दोन्ही एकाच ओळीत टाकली तर प्लास्टरने कुणासाठी थांबायचं हेच कळेनासं होतं.

दुसरी गोष्ट, कुणी माणूस हात लावत नसला तरी वाट पाहणं हेही काम असतं. प्लास्टर एका दिवसात होतं, पण त्यानंतर किमान ७ दिवस त्यावर पाणी मारावं लागतं. यादीत ‘प्लास्टर: १ दिवस’ असं लिहून पुढची आकडेमोड केलेले तक्ते मी स्वतः पाहिले आहेत. तिथे सगळा हिशेब आठवडाभर आधीच खोटा ठरलेला असतो. ऑर्डर दिलेला माल येण्याचे दिवसही याच जातीचे.

## दुसरा टप्पा: कोण कुणावर अवलंबून

प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न विचारा: ‘हे सुरू करायला नेमकं काय संपलेलं लागतं?’ याआधी काय केलं जातं, असं विचारू नका. कारागिराला तसं विचारलंत तर तो सवयीचा क्रम सांगेल. त्या क्रमातली अर्धी कामं शेजारी शेजारी चालू शकतात. वायरिंगच्या पाइपांसाठी प्लंबर संपायची गरज नसते. त्यांना हवी असते मोकळी भिंत. म्हणजे दोघांचीही पूर्वअट एकच, तोडफोड संपलेली असणं.

फक्त लगतची पूर्वअट लिहा. ओट्यासाठी फरशी लागते आणि फरशीसाठी प्लास्टर लागतं, तेव्हा ओट्यापुढे ‘प्लास्टर’ पुन्हा लिहायला नको. लिहिल्याने उत्तर चुकत नाही, पण आधीच्या कामाकडून पुढच्या कामाकडे काढायच्या बाणांचं जाळं इतकं दाटतं की खरी चूक त्यात लपून जाते.

आमच्या उदाहरणाचा तक्ता असा आहे. दिवस म्हणजे कामाचे दिवस.

| खूण | काम | दिवस | आधी काय हवं |
|---|---|---|---|
| क | मोजमाप, आराखडा पक्का | ३ | काही नाही |
| ख | तोडफोड, राडारोडा हलवणं | २ | क |
| ग | फरशी, टाइल्स, ग्रॅनाइट निवडून घरी येणं | ७ | क |
| घ | नळाच्या लाइनी | ३ | ख |
| च | वायरिंगचे पाइप आणि बॉक्स | २ | ख |
| छ | प्लास्टर आणि पाणी मारणं | ८ | घ, च |
| ज | जमिनीची फरशी | २ | ग, छ |
| झ | ग्रॅनाइटचा ओटा | २ | ज |
| ट | ओट्यावरच्या भिंतीच्या टाइल्स | २ | झ |
| ठ | ट्रॉल्या कारखान्यात बनून येणं | १५ | क |
| ड | रंग | २ | ट |
| ढ | ट्रॉल्या आणि चिमणी बसवणं | ३ | ठ, ड |
| त | सिंक आणि नळ जोडणं | १ | ट |

तपासणी: वर्तुळ आहे का? तक्त्यात प्रत्येक कामाच्या पूर्वअटी त्याच्या वरच्या ओळींत येतील अशी मांडणी जमली पाहिजे. जमत नसेल तर कुठेतरी वर्तुळ आहे. मी पहिल्यांदा ‘टाइल्स बसवणं’ हे एकच काम धरलं होतं. फरशी झाल्याशिवाय ओटा नाही आणि ओटा झाल्याशिवाय त्याच्या वरच्या भिंतीच्या टाइल्स नाहीत. म्हणजे टाइल्सच्या आधी ओटा आणि ओट्याच्या आधी टाइल्स! वर्तुळ सापडलं की बाण खोडायचा मोह होतो. तो आवरा. बहुतेक वेळा दोन वेगळी कामं एका नावाखाली दडलेली असतात. ‘ज’ आणि ‘ट’ असे दोन भाग केले आणि गाठ सुटली.

## तिसरा टप्पा: पुढे जाताना लवकरात लवकरच्या वेळा

आता वरून खाली या. प्रत्येक कामाला दोन आकडे द्यायचे: ते लवकरात लवकर कधी सुरू होईल आणि लवकरात लवकर कधी संपेल.

मोजणी शून्यापासून करा. इथे ‘३’ म्हणजे तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ, अर्थात चौथ्या दिवसाची सकाळ. ‘ख’ ३ ला सुरू होऊन ५ ला संपतं म्हणजे प्रत्यक्षात चौथा आणि पाचवा असे दोन दिवस काम चालतं. काही जण पहिल्या दिवसापासून मोजतात आणि प्रत्येक पायरीला एक वजा, एक अधिक करत बसतात. मग कुठेतरी ती अधिकची खूण राहून जाते. तारखा शेवटी लावा, मधे नको.

नियम साधा आहे:

```
लवकर संपेल = लवकर सुरू + दिवस
लवकर सुरू = सर्व पूर्वअटींच्या ‘लवकर संपेल’पैकी सर्वांत मोठा आकडा
```

‘क’ ० ते ३. ‘ख’ ३ ते ५. ‘घ’ ५ ते ८ आणि ‘च’ ५ ते ७. आता ‘छ’ला दोघांची वाट पाहायची आहे. वायरिंगवाला ७ ला मोकळा झाला म्हणून प्लास्टर सुरू होत नाही, नळवाला ८ पर्यंत भिंत उघडी ठेवणार आहे. म्हणून ‘छ’ ८ ला सुरू होतं आणि १६ ला संपतं.

‘ज’ला ‘ग’ आणि ‘छ’ दोन्ही हवेत. माल १० ला घरी आला, प्लास्टर १६ ला तयार झालं, मोठा आकडा १६. ‘ज’ १६ ते १८, ‘झ’ १८ ते २०, ‘ट’ २० ते २२, ‘ड’ २२ ते २४. ‘त’ २२ ते २३. ट्रॉल्यांची ऑर्डर आराखडा पक्का झाल्याबरोबर दिली, म्हणून ‘ठ’ ३ ते १८. ‘ढ’ला १८ आणि २४ यांतला मोठा आकडा घ्यायचा, म्हणून २४ ते २७.

ज्यांच्यापुढे काहीच नाही अशी कामं दोन आहेत, ‘ढ’ आणि ‘त’. प्रकल्प संपतो तो यांतल्या मोठ्या आकड्याला, म्हणजे २७ ला.

सावधान: दोन पूर्वअटी आल्या की छोटा आकडा उचलण्याची चूक इथे सर्रास होते. घाईत पाहिलं तर ‘छ’ ७ ला सुरू झालेलं दिसतं, आणि तिथून खालचे सगळे आकडे एकेका दिवसाने लवकर येतात. तक्ता दिसायला नीटच दिसतो, म्हणून ही चूक सहज सापडत नाही.

## चौथा टप्पा: मागे येताना उशिरात उशिराच्या वेळा

आता खालून वर चढायचं. प्रश्न बदलतो: एकूण काम २७ च्या पुढे जाऊ द्यायचं नाही, तर हे काम जास्तीत जास्त किती लांबवता येईल?

```
उशिरा सुरू = उशिरा संपेल − दिवस
उशिरा संपेल = पुढच्या सर्व कामांच्या ‘उशिरा सुरू’पैकी सर्वांत लहान आकडा
```

सुरुवात शेवटच्या सर्व कामांना एकच आकडा देऊन करा. ‘त’ लवकरात लवकर २३ ला संपतं म्हणून त्याच्या ‘उशिरा संपेल’मध्ये २३ लिहिणारे बरेच आहेत. तसं केलं की ‘त’ला काहीच सवड उरत नाही आणि एक बिनमहत्त्वाचं काम क्रिटिकल होऊन बसतं. घर २७ ला पूर्ण होणार असेल तर नळ २७ ला जोडला तरी चालतो. म्हणून ‘त’ २६ ते २७, ‘ढ’ २४ ते २७.

‘ड’नंतर फक्त ‘ढ’ आहे, ते २४ ला सुरू व्हायलाच हवं, म्हणून ‘ड’ २२ ते २४. ‘ठ’ही २४ पर्यंत लांबू शकतं, म्हणून ९ ते २४. ‘ट’नंतर ‘ड’ (२२) आणि ‘त’ (२६) आहेत. लहान आकडा २२, त्यामुळे ‘ट’ २० ते २२. ‘झ’ १८ ते २०, ‘ज’ १६ ते १८, ‘छ’ ८ ते १६, ‘ग’ ९ ते १६. ‘घ’ ५ ते ८, ‘च’ ६ ते ८. ‘ख’नंतर ‘घ’ (५) आणि ‘च’ (६), लहान ५, म्हणून ‘ख’ ३ ते ५. ‘क’नंतर तीन कामं आहेत, ‘ख’ ३, ‘ग’ ९, ‘ठ’ ९. लहान ३, म्हणून ‘क’ ० ते ३.

तपासणी: मागे येताना पहिल्या कामाचा ‘उशिरा सुरू’ बरोबर ० यायला हवा. सुरुवातीची कामं अनेक असतील तर निदान एकाचा तरी ०. तिथे २ किंवा −१ आलं तर कुठेतरी बेरीज चुकली आहे. पुढे जाऊ नका.

## पाचवा टप्पा: सवड काढा आणि साखळी जोडा

प्रत्येक कामाची सवड म्हणजे ‘उशिरा सुरू’ वजा ‘लवकर सुरू’. शेवटाच्या आकड्यांची वजाबाकी केली तरी तेच उत्तर यायला हवं.

| काम | लवकर सुरू–संपेल | उशिरा सुरू–संपेल | सवड |
|---|---|---|---|
| क | ०–३ | ०–३ | ० |
| ख | ३–५ | ३–५ | ० |
| ग | ३–१० | ९–१६ | ६ |
| घ | ५–८ | ५–८ | ० |
| च | ५–७ | ६–८ | १ |
| छ | ८–१६ | ८–१६ | ० |
| ज | १६–१८ | १६–१८ | ० |
| झ | १८–२० | १८–२० | ० |
| ट | २०–२२ | २०–२२ | ० |
| ठ | ३–१८ | ९–२४ | ६ |
| ड | २२–२४ | २२–२४ | ० |
| ढ | २४–२७ | २४–२७ | ० |
| त | २२–२३ | २६–२७ | ४ |

सवड शून्य असलेली कामं ओळीने जोडली की मिळतं: क, ख, घ, छ, ज, झ, ट, ड, ढ. यांच्या दिवसांची बेरीज ३+२+३+८+२+२+२+२+३ = २७. ही बेरीज प्रकल्पाच्या लांबीशी जुळली पाहिजे आणि साखळी सुरुवातीपासून शेवटापर्यंत कुठेही तुटता कामा नये.

यादीतलं सर्वांत लांब काम कोणतं होतं? ट्रॉल्या, १५ दिवस. त्याला तर ६ दिवसांची सवड आहे. उलट एका माणसाच्या हातची ३ दिवसांची नळलाइन एक दिवस लांबली तर सगळं घर एक दिवस लांबतं.

## सहावा टप्पा: आता बाणांवर शंका घ्या

उत्तर आलं म्हणून कागद घडी करून ठेवू नका. आकडेमोड बिनचूक असली तरी एक बाण चुकीचा असला की उत्तर कुठल्या कुठे जातं.

‘ठ’साठी मी ‘क’ ही पूर्वअट धरली, म्हणजे आराखड्यावरच्या मापांवर कारखाना काम सुरू करतो असं गृहीत धरलं. पण ट्रॉल्यावाल्याला हे थेट विचारलं का? अनेकजण म्हणतात, ‘ओटा बसला की येऊन माप घेतो, मग बनवायला टाकतो.’ त्यांचंही खरं आहे. प्लास्टर आणि ओट्याच्या जाडीत थोडा जरी फरक पडला तरी ट्रॉली घुसत नाही. तसं असेल तर ‘ठ’ची पूर्वअट ‘झ’ होते. मग ‘ठ’ २० ते ३५ आणि ‘ढ’ ३५ ते ३८. एक बाण हलला आणि २७ चे ३८ झाले. क्रिटिकल पाथही बदलला: क, ख, घ, छ, ज, झ, ठ, ढ. भिंतीच्या टाइल्स आणि रंग त्यातून बाहेर पडले.

म्हणून प्रत्येक बाणावर ज्याच्यामुळे तो बाण आहे त्या माणसाशी बोला. ‘तुझं काम सुरू करायला काय लागेल?’ हे प्लंबरला, फरशीवाल्याला, ट्रॉल्यावाल्याला वेगवेगळं विचारा. ठेकेदाराला सगळ्यांच्या वतीने विचारू नका. दिवसांच्या अंदाजात एक-दोन दिवसांची चूक सांभाळून घेता येते. बाणाची चूक सांभाळता येत नाही.

सावधान: या दुसऱ्या मांडणीत ‘ट’ची सवड ११ येते आणि ‘ड’चीही ११. ती दोघांची मिळून ११ आहे, प्रत्येकाची वेगळी नाही. टाइल्सवाल्याने ८ दिवस उशीर केला तर रंगाऱ्याला ३ उरतात. दोघांनाही ‘तुमच्याकडे अकरा दिवस आहेत’ असं सांगितलंत तर दोघंही खरंच अकरा दिवस घेतील.

## सातवा टप्पा: मुदत आधीच ठरलेली असेल तर

समजा पहिल्या मांडणीतच २४ व्या दिवशी संध्याकाळी घरात पाहुणे येणार आहेत. मागे येताना २७ ऐवजी २४ पासून सुरू करा. सगळ्या सवडी तीनने कमी होतील. क्रिटिकल कामांची −३ होईल, ‘च’ची −२. उणे सवड दिसली की काही जण हिशेब पुन्हा करतात. हिशेब बरोबर असतो. साखळीतून ३ दिवस काढावे लागतील, एवढंच तो सांगतो.

आता कुठून काढायचे? पाणी मारायचे दिवस कापू नका, त्याची किंमत पुढे टाइल्स सुटल्यावर मोजावी लागते. नळलाइनीला आणखी दोन माणसं लावून ३ दिवसांचा १ दिवस केला तर? दोन दिवस वाचतील असं वाटतं, पण वाचतो एकच. ‘घ’ ६ ला संपलं तरी ‘च’ ७ लाच संपतं आणि प्लास्टर ७ लाच सुरू होतं. ‘च’ची १ दिवसाची सवड संपली की क्रिटिकल पाथ वायरिंगवरून जायला लागतो आणि तिसऱ्या प्लंबरची मजुरी फुकट जाते. क्रिटिकल काम कमी करताना शेजारच्या साखळीची सवड पाहा. त्याहून जास्त दिवस वाचत नाहीत.

## आठवा टप्पा: तारखा, रविवार आणि एकटा मिस्त्री

तारखा लावताना दोन गोष्टी हिशेबात नसतात. पहिली, रविवार. सोसायटी रविवारी ठोकाठोक करू देत नसेल तर कामाचे दिवस रविवार सोडून मोजा. पण भिंतीवर पाणी मारणं रविवारी थांबत नाही. ७ सलग दिवसांत एक रविवार येतोच, म्हणून ‘छ’ कामाच्या दिवसांत ८ ऐवजी ७ धरता येतं.

दुसरी, माणसं. ही पद्धत समजते की वायरिंग आणि नळलाइन वेगवेगळे लोक करतील. एकच माणूस दोन्ही करणार असेल तर ‘घ’ आणि ‘च’ एकामागोमाग येतील, ५ दिवस लागतील आणि प्लास्टर ८ ऐवजी १० ला सुरू होईल. हा बाण कामाच्या स्वभावामुळे आलेला नाही, माणसामुळे आलेला आहे. त्याला वेगळ्या रंगाने काढा. उद्या दुसरा माणूस मिळाला तर तो पुसता आला पाहिजे.

## नववा टप्पा: काम सुरू झाल्यावर पुन्हा

समजा ओट्याखाली जुनं काँक्रीट निघालं आणि तोडफोड २ ऐवजी ४ दिवस चालली. ‘ख’ ३ ते ७ झालं, ‘घ’ १० ला संपलं, आणि तिथून सरकत ‘ढ’ २९ ला गेलं. जे झालं त्याचे खरे आकडे लिहायचे, जे राहिलं त्यासाठी पुढे आणि मागे दोन्ही फेऱ्या पुन्हा करायच्या. फक्त ‘ख’ची ओळ दुरुस्त केली तर बाकीच्या सवडी शिळ्या राहतात. ट्रॉल्यांची सवड आता ६ नाही, ८ आहे. त्या लवकर आणायला ट्रॉल्यावाला जादा पैसे मागत असेल तर द्यायचं कारण नाही. उलट तयार ट्रॉल्या २५ व्या दिवशी पाठवायला सांगा, नाहीतर त्या आठवडाभर हॉलमध्ये वाट अडवून उभ्या राहतील.